बँकेची री-केवायसी: फॉर्म भरला नाही तर नेमकं काय अडतं आणि ते सोडवायचं कसं

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जून महिन्यात, मावशीचा फोन आला. "अंगठा लागतोय रे, पण पैसे येत नाहीत." ती बँक मित्राकडे, म्हणजे बँकेसाठी गावात देवघेव करणाऱ्या माणसाकडे, गेली होती. मशीननं अंगठा ओळखला, शिल्लक ७,३७० रुपये दाखवली, आणि हजार रुपये काढायला गेल्यावर व्यवहार नाकारला. बँक मित्र म्हणाला, "खात्यात काहीतरी आहे, शाखेत जा." त्या 'काहीतरी'मागे काय होतं ते सांगण्यासाठी हा लेख आहे. मी बरीच वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढली आहेत, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार माहीत आहेत.

मावशीचं जनधन खातं जानेवारी २०१५ मध्ये उघडलेलं. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली आणि पहिल्या काही महिन्यांत गावोगाव शिबिरं लावून खाती उघडली गेली. त्या सगळ्या खात्यांना २०२४-२५ मध्ये दहा वर्षं झाली, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे साध्या ग्राहकाची केवायसी, म्हणजे ओळख आणि पत्त्याची माहिती, दर दहा वर्षांनी पुन्हा तपासायची असते. म्हणून एकाच वेळी लाखो माणसांच्या खात्यावर 'केवायसी पेंडिंग'चा शिक्का लागला. त्यातली बहुतेक माणसं अशी, की ज्यांना बँकेचा मेसेज वाचून दाखवायलाही घरात कोणीतरी लागतं.

दहा वर्षं कुणाला, दोन वर्षं कुणाला

बँक प्रत्येक ग्राहकाला जोखमीच्या तीन गटांपैकी एकात टाकते. कमी जोखीम असेल तर दहा वर्षांतून एकदा, मध्यम असेल तर आठ आणि जास्त असेल तर दोन वर्षांतून एकदा केवायसी नव्यानं करायची. हे बँकेसाठी किमान बंधन आहे, ती त्याआधीही मागू शकते. मुदत मोजायची ती खातं उघडल्यापासून किंवा मागची केवायसी झाली त्या दिवसापासून. पगारदार, पेन्शनर, शेतकरी, जनधनवाले साधारणपणे पहिल्या गटात येतात.

तुमचा गट कोणता हे काउंटरवर विचारू नका, कारण ते ग्राहकाला सांगायचं नाही असाच नियम आहे. कारकून टाळाटाळ करतोय असं वाटून वाद होतात. विचारायचं ते एवढंच: "माझ्या केवायसीची ड्यू डेट काय आहे?" ती स्क्रीनवर असते आणि सांगायला हरकत नसते. अनेक बँकांच्या मोबाईल ॲपमध्ये ती प्रोफाईलखाली दिसतेही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. केवायसी खात्याची नसते, ग्राहकाची असते. तुमचा ग्राहक क्रमांक, ज्याला बँकेत सीआयएफ किंवा कस्टमर आयडी म्हणतात, त्याला ती चिकटलेली असते. त्यामुळे एकाच बँकेत तुमचं बचत खातं, रिकरिंग आणि घरकर्ज असेल तर केवायसी एकदाच करायची. तसंच ती राहिली तर त्या क्रमांकाखालची सगळी खाती एकदम अडू शकतात. नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यात एकाची केवायसी झाली आणि दुसऱ्याची राहिली, तरी खातं अडतं. "माझी तर झालीय, मग खातं का बंद?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्या नावात असतं.

मेसेज खरा की खोटा

"आज रात्री खातं ब्लॉक होईल, खालच्या लिंकवर केवायसी करा" असा मेसेज आला तर तो फसवणुकीचाच समजा. बँक आजच्या आज अशी घाई करत नाही. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या दुरुस्तीनुसार मुदत संपण्याआधी निदान तीन सूचना द्यायच्या, त्यातली किमान एक पत्रानं, आणि मुदत उलटल्यावर पुन्हा तीन आठवणी, त्यातलीही किमान एक पत्रानं. हे सगळ्या बँकांनी १ जानेवारी २०२६ पर्यंत लागू करायचं होतं. म्हणजे घरी एक कागद यायलाच हवा.

खरी बँक व्हॉट्सॲपवर फाईल पाठवून ती फोनमध्ये बसवायला सांगत नाही. नावाच्या शेवटी `.apk` असलेली फाईल आली की हात लावू नका. ती बसवली की तुमचे ओटीपी समोरच्याला दिसायला लागतात. बँकांनी आता आपली संकेतस्थळं `.bank.in` या पत्त्यावर नेली आहेत, तेही एक खूणगाठीसारखं ध्यानात ठेवा. चुकून काही दाबलं गेलंच तर आधी बँकेला आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन.

मावशीच्या बाबतीत उलटं झालं होतं. खोटे मेसेज भरपूर आले, खरा एकही पोचला नाही. खात्याला जोडलेला नंबर तिच्या मुलाच्या जुन्या सिमचा होता, ते सिम तीन वर्षांपूर्वीच बंद झालेलं. पत्रं गावच्या घरी जात होती आणि मावशी मुलाकडे तालुक्याला राहायला आलेली. बँकेनं कळवलं होतं, पण तिला ते कळलं नव्हतं.

दुर्लक्ष केलं तर काय अडतं

'खातं फ्रीज झालं' म्हटलं की माणसाला वाटतं पैसे गेले. पैसे जात नाहीत, व्याजही पडत राहतं. बहुतेक बँकांत आधी 'डेबिट फ्रीज' लागतो, म्हणजे खात्यात पैसे येतील पण बाहेर जाणार नाहीत. एटीएम, यूपीआय, चेक, अंगठ्यावर पैसे काढणं, सगळं एकदम थांबतं. जमा चालू असल्यामुळे पासबुकात नोंदी पडत राहतात आणि म्हणूनच बऱ्याच जणांना काही बिघडलंय हे कळतच नाही. मावशी तीन महिन्यांतून एकदा पैसे काढते. एप्रिलमध्ये तिच्या खात्याचं डेबिट थांबलं तेव्हा खात्यात २,८७० रुपये होते. पुढे लाडकी बहीणचे १,५०० चे तीन हप्ते आले, ४,५०० रुपये. पासबुक छापून बघितलं असतं तर सगळं उत्तम दिसलं असतं.

पुढच्या टप्प्यात काही ठिकाणी जमाही थांबते. तेव्हा अनुदान किंवा पेन्शन आल्या वाटेनं परत जातं आणि योजनेच्या यादीत तुमच्या नावापुढे 'पेमेंट फेल' दिसायला लागतं. पॅन किंवा त्याऐवजीचा फॉर्म ६० दिलाच नाही, तर त्याबाबतचा नियम अधिक कडक आहे: ते मिळेपर्यंत खात्यातले व्यवहार तात्पुरते बंद. पण त्याआधी ग्राहकाला सूचना देऊन बोलण्याची संधी द्यावी लागते, आणि आजारपण, अपघात किंवा म्हातारपणामुळे ज्यांना जमत नाही त्यांना बँकेनं सवलत द्यायची आहे. कर्जखात्याला हा नियम लागतो तेव्हा फक्त जमा चालू राहते. तुम्ही हप्ता भरू शकता, उचल घेऊ शकत नाही.

खरं नुकसान मात्र त्या खात्यावर अवलंबून असलेल्या गोष्टींचं होतं. मावशीच्या खात्यातून दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस दोन विम्यांचे पैसे आपोआप कापले जायचे: जीवनज्योतीचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २०. दोन्हींचं संरक्षण १ जून ते ३१ मे असं वर्षाचं असतं आणि प्रत्येकात दोन लाखांचं. मे २०२५ अखेर खात्यात ५,८७० रुपये होते, लागत होते ४५६. तरीही दोन्ही कपाती फसल्या, कारण डेबिटला दार बंद. १ जूनपासून मावशी विम्याशिवाय होती आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता. त्या महिन्यात काही बरंवाईट झालं असतं तर दावा लावताना बँकेनं शांतपणे सांगितलं असतं, हप्ता गेलेला नाही.

नोकरदारांच्या बाबतीत हेच कर्जाच्या हप्त्याला होतं. हप्ता मुदतीच्या दिवशी गेला नाही तर कर्ज देणारी संस्था त्याला बाउन्सच म्हणते, दंड लावते, आणि उशीर लांबला तर तो क्रेडिट रिपोर्टमध्ये जातो. 'माझ्या खात्यात पैसे होते' हे तिथे कुणी ऐकून घेत नाही. म्हणून ज्या खात्यातून हप्ते जातात त्याची केवायसीची तारीख सगळ्यात आधी बघा.

कमी जोखमीच्या ग्राहकाला असलेली सवलत

१२ जून २०२५ ला रिझर्व्ह बँकेनं केवायसीच्या नियमांत दुरुस्ती केली. थेट लाभाच्या योजनांची आणि जनधनची खाती मोठ्या संख्येनं अडकलेली आहेत हे तिनंच त्यात नोंदवलं. दुरुस्ती अशी: कमी जोखमीच्या ग्राहकाची केवायसी थकली असली तरी बँकेनं त्याचे सगळे व्यवहार चालू ठेवायचे आणि केवायसी मुदतीनंतर एक वर्षाच्या आत किंवा ३० जून २०२६ पर्यंत, यातली जी तारीख नंतरची असेल तोपर्यंत, करून घ्यायची.

मावशीची मुदत जानेवारी २०२५ ला संपली होती. म्हणजे तिला ३० जून २०२६ पर्यंत सवलत होती आणि १२ जूननंतर खातं अडवून ठेवायला कारणच नव्हतं. मी शाखेत जाऊन हे सांगितलं. शाखेतल्या माणसानं नम्रपणे ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, सिस्टीमनं लावलाय, आम्ही हातानं काढू शकत नाही, केवायसी करून टाका, आपोआप निघेल." मी स्वतः नोकरीत असताना हेच वाक्य किती जणांना ऐकवलं असेल, याचा हिशेब तेव्हा मनात आला. वाद घालून पंधरा दिवस घालवण्यापेक्षा फॉर्म भरणं सोपं होतं. पण ज्याचा हप्ता बाउन्स झालाय किंवा ज्याची कागदपत्रं अजून जमलेली नाहीत, त्यानं ही दुरुस्ती लेखी अर्जात जरूर लिहावी.

कोणती केवायसी, ते आधी ठरवा

केवायसीच्या शिबिरात बसलो तेव्हा निम्मा वेळ याच खुलाशात गेला. बँकेची केवायसी वेगळी, लाडकी बहीणच्या संकेतस्थळावरची ई-केवायसी वेगळी, रेशन कार्डाची वेगळी, पीएम-किसानची वेगळी. एक केली म्हणून दुसरी होत नाही. आणि या सगळ्यांहून निराळं ते आधार सीडिंग, म्हणजे तुमच्या आधार क्रमांकाचे सरकारी पैसे कुठल्या बँकेत जायचे याची नोंद. ती आधारच्या संकेतस्थळावर 'Bank Seeding Status' खाली दिसते. पैसे खात्यात येतात पण निघत नाहीत, तर केवायसीकडे बघा. पैसे मंजूर दिसतात पण खात्यात येतच नाहीत, तर आधी सीडिंगकडे बघा. भलत्याच बँकेची नोंद तिथे असते, असं अनेकदा निघतं.

दोन वर्षं खात्यात तुम्ही स्वतः काहीच व्यवहार केला नाही तर ते 'निष्क्रिय' होतं, ती भानगडही वेगळी. तिथेही केवायसीच द्यावी लागते, पण सोबत खातं चालू करण्याचा अर्ज लागतो. त्यासाठी बँक पैसे घेऊ शकत नाही.

फॉर्म भरताना

सगळ्यात आधी तुम्ही तिघांपैकी कोण ते ठरवा.

काहीच बदललं नसेल, म्हणजे नाव, पत्ता, कागदपत्रं तीच असतील, तर कागद लागत नाहीत. 'माझ्या माहितीत बदल नाही' एवढी स्वतःची घोषणा पुरते. ती नोंदवलेल्या मोबाईलवरून, ईमेलनं, ॲपमधून, काही बँकांत एटीएमवरून किंवा साध्या पत्रानं देता येते. त्यासाठी शाखेत या म्हणण्याची गरज नाही, हे रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२३ मध्येच स्पष्ट केलं आहे. जून २०२५ पासून बँक मित्राकडेही ही घोषणा देता येते. पत्र लिहायचं झालं तर मजकूर एवढाच पुरे:

"माझा ग्राहक क्रमांक ____, खाते क्रमांक ____. बँकेकडे असलेल्या माझ्या केवायसी माहितीत कोणताही बदल झालेला नाही. ही घोषणा नियतकालिक केवायसीसाठी देत आहे. दिनांक, सही."

फक्त पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्याची घोषणा द्यायची, आणि बँक दोन महिन्यांच्या आत तो पडताळते. बहुतेकदा त्या पत्त्यावर पत्र पाठवून. इथे गंमत होते. घोषणा दिल्यावर माणूस निवांत होतो, पोस्टमन 'पत्ता अपुरा' लिहून पत्र परत पाठवतो, आणि केवायसी पुन्हा लोंबकळत राहते. म्हणून पत्ता पोस्टमनला कळेल असा लिहा. भाड्याच्या घरात घरमालकाचं नाव, वाडीत असाल तर वाडीचं नाव, जवळची खूण, पिन कोड. 'मु. पो.' आणि गावाचं नाव एवढ्यावर भागवू नका.

तिसरा प्रकार म्हणजे बँकेकडची कागदपत्रं आजच्या नियमांत बसत नाहीत किंवा मुदत संपलेली आहेत. मग नवी द्यायची. ओळखीसाठी आणि पत्त्यासाठी मान्य असलेली कागदपत्रं सहाच: पासपोर्ट, वाहन परवाना, आधार, मतदार ओळखपत्र, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेलं रोजगार हमीचं जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचं पत्र. सोबत पॅन, आणि ते नसेल तर फॉर्म ६०. रेशन कार्ड या यादीत नाही. दर शिबिरात दहा जण तेच घेऊन येतात. तुमच्या ओळखपत्रावर जुना पत्ता असेल तर दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल किंवा घरपट्टीची पावती तात्पुरती चालते, पण तीन महिन्यांत नव्या पत्त्याचं ओळखपत्र द्यावं लागतं.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची अडचण नेहमीचीच. खातं माहेरच्या नावावर, आधार सासरच्या. इथे विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जोडली की जुन्या नावाचं कागदपत्रही चालतं. लग्नपत्रिका चालत नाही. ती घेऊन आलेली एक बाई माझ्यावर चिडली होती, "एवढी छापलीय की!"

फॉर्ममधले दोन रकाने लोक रिकामे सोडतात, व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न. खातं उघडताना 'विद्यार्थी' लिहिलेला मुलगा आज नोकरीत असेल तर ते बदलायलाच हवं. व्यवसाय 'विद्यार्थी' आणि खात्यात महिन्याला साठ हजार, हे दिसलं की बँकेची यंत्रणा खुणा करायला लागते. रिकामा रकाना असेल तर फॉर्म परत येतो, आणि तो परत आलाय हे सांगणारा मेसेज जुन्या नंबरवर जातो. म्हणून मोबाईल नंबरही त्याच वेळी बदलून घ्या. अज्ञान खातं असेल आणि मूल अठराचं झालं असेल तर नवा फोटो आणि त्याची स्वतःची कागदपत्रं लागतात.

मावशीनं शिबिरात आधी 'बदल नाही' वर खूण केली होती. सोपा फॉर्म तोच होता आणि मागे रांग होती. पण ती गाव सोडून तालुक्याला आली होती, नंबर बंद होता. ती खूण तशीच राहिली असती तर घोषणा खोटी ठरली असती, आणि पुढचं पत्रही पुन्हा कुलूप लावलेल्या घरालाच गेलं असतं. फॉर्म बदलून घेतला. आधार, फॉर्म ६०, एक फोटो, मुलाच्या घराचा पत्ता, चालू नंबर. तिचा अंगठा चांगला उमटतो म्हणून पडताळणी मशीनवरच झाली. शेतकाम करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात त्यांचा अंगठा लागत नाही. त्यांनी तिथेच तीनदा प्रयत्न करून घरी जाऊ नये, कागदांच्या स्वसाक्षांकित प्रती देऊन फॉर्म घ्यायला सांगावं.

पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका

घोषणा असो वा कागद, ते मिळाल्याची तारखेसह पोच देणं बँकेवर बंधनकारक आहे, आणि केवायसी नोंदली गेल्यावर त्या तारखेची सूचनाही. शिबिरात आणि बँक मित्राकडेही पोच मागा. शिक्का नसेल तर तुमच्याच प्रतीवर सही आणि तारीख घ्या. फॉर्म गठ्ठ्यात हरवतात. हे मी टीका म्हणून नाही, गठ्ठे बांधणारा म्हणून सांगतोय.

मावशीचं डेबिट चार दिवसांनी उघडलं. ते कसं कळलं? मेसेजवर विसंबून न राहता तिला बँक मित्राकडून शंभर रुपये काढायला लावले. नोंद झाली तरी कुलूप निघालेलं नसतं असं होतं, म्हणून ही छोटी परीक्षा घ्यावी.

त्यानंतरचं काम लोक विसरतात. कुलूप निघालं म्हणून फसलेल्या कपाती आपोआप पुन्हा होत नाहीत. मावशीच्या दोन्ही विम्यांचे फॉर्म नव्यानं भरून ४५६ रुपये कापायला दिले, खात्यात ६,८१४ उरले. जुलै असल्यामुळे जीवनज्योतीचे पूर्ण ४३६ लागले. सप्टेंबरपासून हा आकडा तिमाहीगणिक कमी होतो, ३४२, २२८, ११४. पण नव्यानं सामील झालेल्याला पहिले तीस दिवस अपघाताखेरीज दुसऱ्या कारणानं मृत्यू आल्यास जीवनज्योतीचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे एका न पोचलेल्या पत्रापायी जून महिना पूर्ण उघडा आणि जुलै-ऑगस्टचे काही दिवस अर्धे उघडे गेले. कर्जाचा हप्ता किंवा एसआयपी फसली असेल तर त्या त्या संस्थेला स्वतः कळवून तो हप्ता हातानं भरा. जमा परत गेली असेल तर योजनेच्या कार्यालयात खातं चालू झाल्याचं सांगावं लागतं.

परदेशात असाल तर

व्हिडिओ केवायसी सोयीची आहे, पण ती भारतात बसूनच होते. परदेशातल्या इंटरनेट पत्त्यावरून आलेला कॉल यंत्रणा घेत नाही. दुबईतून किंवा न्यू जर्सीतून करायची असेल तर पासपोर्टची प्रत भारतीय वकिलातीत, तिथल्या नोटरीकडे किंवा भारतीय बँकेच्या परदेशी शाखेत साक्षांकित करून पाठवावी लागते. सुट्टीत घरी येणार असाल तर त्याच आठवड्यात हे काम उरका.

ऐकत नसतील तर

आधी शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज. त्यात खाते क्रमांक, केवायसी दिल्याची तारीख, पोचेची प्रत, आणि काय अडलं ते एका ओळीत. कमी जोखमीचे ग्राहक असल्याचं तुम्हाला अधिकृतपणे माहीत नसतं, म्हणून असं लिहा: "मी कमी जोखमीच्या गटात असल्यास १२ जून २०२५ च्या दुरुस्तीनुसार व्यवहार चालू ठेवणे अपेक्षित होते, कृपया तपासावे." रिझर्व्ह बँकेच्या नियमातच म्हटलं आहे, की नियमाची तशी गरज नसेल तर केवायसीपायी ग्राहकावर प्रतिकूल कारवाई टाळावी. तेही वाक्य घाला, त्याचा परिणाम होतो. उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर बँकेच्या तक्रार विभागाकडे, आणि तक्रार दिल्यापासून तीस दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, `cms.rbi.org.in` वर. तिथे वकील लागत नाही आणि फी नाही. बँकेला दिलेल्या तक्रारीचा क्रमांक मात्र लागतो, तो नसेल तर अर्ज पहिल्याच पानावर अडतो.